सड्यावरून देवयानी, वहीत विश्वाचा आलेख: विश्व पसरतंय हे स्वतः कसं काढून बघायचं

शाळेच्या पुस्तकात एक वाक्य असतं: दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, म्हणजे विश्व प्रसरण पावत आहे. आणि कोकणातल्या अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसणारी एकमेव मोठी परकी दीर्घिका, देवयानी, सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे! ही दोन्ही विधानं खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात हे ज्याला वहीतल्या आकड्यांनी दाखवता आलं, त्याला प्रसरणाचा पुरावा समजला असं मी मानतो.

त्यासाठी लागेल एक आलेखाची वही, शिंप्याकडून आणलेलं साधारण 60 सेंटिमीटर लांबीचं, रुंद पट्टीचं इलॅस्टिक, काही टाचण्या, आणि मिळाली तर कोणाची तरी दुर्बीण (7×50 किंवा 10×50 लिहिलेली हातातली दुर्बीण उत्तम). शिवाय एक चांगली रात्र लागेल, आणि कोकणात तीच सगळ्यात दुर्मिळ.

पहिलं काम: देवयानी शोधणं

जून ते सप्टेंबर आकाशाचं नाव काढू नका. ऑक्टोबरात ढग जातात, पण हवेतला दमटपणा आणि धुरकटपणा टिकून असतो. दिवाळीची अमावास्या अंधारी खरी, पण फटाक्यांच्या धुरात वाया जाते. त्याच्या पुढची अमावास्या, म्हणजे देवदिवाळीच्या आसपासचे चार-पाच दिवस, हे या कामासाठी सर्वांत चांगले. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री पावणेदहाला आणि डिसेंबरच्या मध्यावर पावणेआठला देवयानी आपल्या उत्तरेला सगळ्यात उंच चढलेली असते. रत्नागिरीहून ती तेव्हा क्षितिजापासून सुमारे 66 अंशांवर असते, म्हणजे मान बरीच वर करावी लागते.

जागा निवडताना समुद्रकिनाऱ्यापेक्षा सडा बरा. किनाऱ्यावर मागे माडांची रांग, समोर मासेमारीच्या बोटींचे झगझगीत दिवे आणि क्षितिजावर खाऱ्या हवेचा पडदा असतो. कातळाच्या मोकळ्या सड्यावर चारही बाजूंनी आकाश उघडं मिळतं. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, पायात बूट घाला आणि बॅटरीवर लाल जिलेटीन कागद बांधा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. सरावायला वीस मिनिटं तरी लागतात आणि मोबाईल एकदा उघडला की ती वीस मिनिटं पुन्हा सुरू होतात.

उत्तरेकडे तोंड करा. साधारण अर्ध्या उंचीवर पाच ताऱ्यांचा इंग्रजी M दिसेल. ही शर्मिष्ठा. M च्या दोन शिखरांपैकी डावीकडचं शिखर जास्त टोकदार आहे. त्या शिखरावरच्या ताऱ्यापासून सरळ वर, डोक्याच्या दिशेने, 15 अंश जा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर मूठ आकाशात सुमारे 10 अंश झाकते, म्हणजे दीड मूठ वर. तिथे एक पुसट, लांबट डाग दिसेल. तो दिसत नसेल तर त्याच्याकडे थेट रोखून पाहू नका, किंचित बाजूला बघा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसून कडेला जास्त असतात, त्यामुळे तिरक्या नजरेत डाग उमटतो.

डाग खरोखर देवयानी आहे की ढगाचा तुकडा, हे कसं ओळखायचं? अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. ढग सरकलेला असेल किंवा विरलेला असेल. देवयानी शर्मिष्ठेच्या त्याच शिखरापासून त्याच दीड मुठीवर असेल. दुर्बिणीतूनही ती फोटोतल्यासारखी चक्राकार दिसणार नाही, मध्ये जरा उजळ असलेली पांढुरकी लांबट कापूसपुंजी दिसेल, आणि तेवढंच अपेक्षित आहे. आणखी एक, दुर्बिणीच्या भिंगांवर इथे दव फार पटकन धरतं. ते रुमालाने पुसू नका, कारण खाऱ्या हवेतले मिठाचे कण भिंग ओरबाडतात. झाकणं लावून थोडा वेळ कोरड्या जागी ठेवा.

त्या डागाच्या आजूबाजूला जे सुटे तारे दिसतात, ते सगळे आपल्या आकाशगंगेतले, म्हणजे देवयानीच्या मानाने अगदी अंगणातले. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि तिच्यात किमान दहा हजार कोटी तारे आहेत. देवयानी ही तशीच, किंबहुना आणखी मोठी, दुसरी दीर्घिका.

प्रकाशवर्ष: अंतरही आणि तारीखही

प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. 3 लाख × 60 × 60 × 24 × 365 करा; उत्तर येईल साधारण 9.46 लाख कोटी किलोमीटर. हे एक प्रकाशवर्ष. नावात वर्ष असलं तरी ते अंतर मोजतं, हे परीक्षेत दरवर्षी कोणी ना कोणी चुकतंच.

पण ज्या प्रकाशाने आपण तारा पाहतो तो किती जुना आहे हेही याच आकड्यातून कळतं. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. आठवीतल्या मुलीला आज दिसणारा त्याचा प्रकाश ती बालवाडीत असताना निघाला. रोहिणी सुमारे 65 प्रकाशवर्षांवर, म्हणजे तो प्रकाश बहुधा आजीच्या लहानपणचा. कृत्तिकेचा पुंजका सुमारे 440 प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे त्याचा प्रकाश निघाला तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला बांधलेला नव्हता. आणि देवयानीचा प्रकाश 25 लाख वर्षं प्रवास करून तुमच्या डोळ्यांत शिरतो.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा, जो बरीच मुलं विचारत नाहीत: हे 25 लाख कोणी आणि कसं मोजलं? तिथवर टेप लावता येत नाही. प्रसरणाचा सगळा पुरावा या मोजणीवर उभा आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ देऊ.

दूरचं अंतर मोजायची पट्टी: सेफिड तारे

काही तारे ठरावीक काळाने तेजस्वी आणि मंद होत राहतात. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यातला एक प्रकार म्हणजे सेफिड. हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञ हार्वर्डमध्ये फोटोंच्या काचा तपासत असत. लहान मॅगेलन मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या 25 रूपविकारी ताऱ्यांवरून 1912 साली त्यांनी दाखवलं की ज्या ताऱ्याचा फेरा जास्त दिवसांचा, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. ते सगळे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्यामुळे, दिसणारा फरक हा खऱ्या तेजाचाच फरक होता.

याचा उपयोग असा. फेरा मोजा, त्यावरून खरं तेज कळतं. दिसणारं तेज तर डोळ्यासमोर आहेच. अंतर दुप्पट झालं की तेज चौथाई होतं, तिप्पट झालं की नवांश. म्हणून खरं तेज आणि दिसणारं तेज ताडून अंतर काढता येतं.

या प्रकाराला ज्याच्यावरून नाव पडलं तो तारा, इंग्रजीत सिफियस म्हणतात त्या वृषपर्वा समूहातला डेल्टा, तुम्ही कोकणातून नुसत्या डोळ्यांनी पाहू शकता. नोव्हेंबरच्या संध्याकाळी अंधार पडल्यावर, शर्मिष्ठेच्या डावीकडे, तीन ताऱ्यांचा एक छोटा त्रिकोण दिसतो: डेल्टा, झीटा आणि एप्सिलॉन. झीटा आणि एप्सिलॉन बदलत नाहीत. झीटा जास्त तेजस्वी, एप्सिलॉन मंद. रोज एकाच वेळी डेल्टाची तुलना या दोघांशी करा आणि वहीत लिहा: आज झीटाच्या जवळपास आहे, की एप्सिलॉनइतका मंद, की मधे. पंधरवडाभराच्या नोंदीत दिसेल की तो दीडेक दिवसात झपाट्याने उजळतो आणि पुढचे चार दिवस हळूहळू मंदावतो. पूर्ण फेरा 5.37 दिवसांचा. तारा क्षितिजाकडे झुकल्यावर नोंद घेऊ नका, कारण खालच्या दमट हवेत सगळेच तारे मंद दिसतात आणि तुमची नोंद बिघडते.

आता खरं उदाहरण सोडवू. 1923 सालच्या ऑक्टोबरात एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या 100 इंची दुर्बिणीने देवयानीचा फोटो घेतला. त्यात एक तारा त्यांना आधी नवतारा, म्हणजे एकाएकी उजळलेला तारा, वाटला. जुन्या काचा काढून पाहिल्यावर तो कधी उजळ, कधी मंद होणारा निघाला. काचेवर आधी नोव्हासाठी, म्हणजे नवताऱ्यासाठी, लिहिलेला N खोडून त्यांनी व्हेरिएबल, म्हणजे रूपविकारी, या अर्थी VAR! असं लिहिलं. त्या ताऱ्याचा फेरा सुमारे 31.4 दिवसांचा भरला.

31 दिवसांचा सेफिड सूर्याच्या सुमारे 10 हजार पट तेजस्वी असतो. आपला डेल्टा सूर्याच्या सुमारे 2 हजार पट. म्हणजे हबल यांचा तारा मुळात 5 पट जास्त तेजस्वी. पण आकाशात तो डेल्टापेक्षा सुमारे 15 लाख पट मंद दिसतो. तर मंदपणाचा एकूण गुणाकार 5 × 15 लाख = 75 लाख. तेज अंतराच्या वर्गाने घटतं, म्हणून वर्गमूळ घ्या: सुमारे 2,740. हा तारा डेल्टापेक्षा 2,740 पट दूर आहे. डेल्टाचं अंतर सुमारे 890 प्रकाशवर्षं. गुणाकार केला की जवळजवळ 24 लाख 40 हजार प्रकाशवर्षं. आपण आकडे ठोकळ घेतले, तरी 25 लाखांच्या इतके जवळ आलो.

हबल यांना मात्र तेव्हा सुमारे 9 लाखच मिळाले होते. ते का कमी पडले हे पुढे येतं, कारण त्या चुकीने विश्वाचं वयच बिघडवलं होतं. पण 9 लाखांनीही एक वाद मिटला: देवयानी आकाशगंगेच्या खूप बाहेर आहे, ती स्वतंत्र दीर्घिका आहे.

वेग कसा कळतो

दीर्घिका सरकताना दिसत नाही. तिचा वेग कळतो तिच्या प्रकाशाच्या वर्णपटातून. वर्णपटात काही ठिकाणी काळ्या रेषा असतात, कारण ताऱ्यांच्या बाहेरच्या थरातली मूलद्रव्यं ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात. कॅल्शियमची एक ठळक रेषा प्रयोगशाळेत 393.4 नॅनोमीटरला येते. दीर्घिकेच्या वर्णपटात तीच रेषा लांब तरंगलांबीकडे, म्हणजे तांबड्याकडे सरकलेली मिळाली तर ती ताम्रसृती, आणि निळ्याकडे सरकली तर नीलसृती.

अरुंधती केश समूहाच्या दिशेला हजाराहून जास्त दीर्घिकांचा एक प्रचंड जथा आहे. तिथे ही रेषा साधारण 402.5 ला येते. फरक 9.1. तो मूळ 393.4 ने भागा: 0.0231, हा ताम्रसृतीचा आकडा. याला प्रकाशाच्या वेगाने, 3 लाखाने गुणा: सेकंदाला सुमारे 6,900 किलोमीटर, आपल्यापासून दूर.

देवयानीसाठी हेच काम व्हेस्टो स्लिफर यांनी अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत 1912 साली पहिल्यांदा केलं. रेषा सरकली होती ती निळ्याकडे, नॅनोमीटरच्या चार दशांशांएवढी, म्हणजे 300 किलोमीटर आपल्याकडे. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आणखी दीर्घिका तपासल्या तेव्हा बहुतेक सगळ्या ताम्रसृती दाखवणाऱ्या निघाल्या. त्यांच्याकडे वेग होते, अंतरं नव्हती. अंतरं हबल यांनी आणली.

इथे गडबड एकच होते, पण वारंवार: रेषा ओळखण्याची. रंग तांबडा दिसतो म्हणून ताम्रसृती असं नाही. म्हातारे तारे जास्त असलेली दीर्घिका किंवा धुळीमागची दीर्घिकाही तांबूस दिसते. सृती फक्त ओळखीच्या रेषांवरून ठरते, आणि एका रेषेवर भरवसा ठेवायचा नसतो. दोन-तीन रेषा त्याच गुणोत्तराने सरकलेल्या असल्या तरच मोजणी पक्की.

आलेख काढा

वहीत आडव्या अक्षावर अंतर घ्या, 0 ते 35 कोटी प्रकाशवर्षं. उभ्या अक्षावर वेग, सेकंदाला किलोमीटरमध्ये, −500 ते 8,000. आता हे बिंदू मांडा. आकडे सोयीसाठी ठोकळ केले आहेत. M31, M81 हे दीर्घिकांचे यादीतले क्रमांक.

| दीर्घिका किंवा समूह | अंतर (कोटी प्रकाशवर्षं) | वेग (किमी/सेकंद) |
|---|---|---|
| देवयानी (M31) | 0.25 | −300 |
| सप्तर्षीतली M81 | 1.2 | −35 |
| कन्येच्या दिशेची M104 | 3.1 | 1,020 |
| कन्या समूहातली M87 | 5.4 | 1,280 |
| फॉर्नॅक्स समूह | 6.2 | 1,400 |
| ययातीच्या दिशेचा समूह | 24 | 5,400 |
| अरुंधती केश समूह | 32 | 6,900 |

शून्यापासून शेवटच्या बिंदूपर्यंत पट्टीने सरळ रेषा ओढा. 6,900 भागिले 32, म्हणजे दर कोटी प्रकाशवर्षांमागे वेग सुमारे 215 ने वाढतो. हा आकडा कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवा.

आता रेषेपासून कोण किती ढळलंय ते बघा. M104 साठी 3.1 × 215 म्हणजे 667 यायला हवं होतं, प्रत्यक्षात 1,020. M81 तर जवळ येते आहे. पण ययातीच्या समूहाला 24 × 215 = 5,160 अपेक्षित आणि 5,400 मिळालं; बावीस भागांत एखादाच भाग फरक. जवळचे बिंदू विस्कटलेले आणि दूरचे रेषेला चिकटलेले, असं का?

कारण प्रत्येक दीर्घिकेला शेजाऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे स्वतःचाही एक वेग असतो, सेकंदाला काही शे किलोमीटर. दूरच्या समूहात प्रसरणाचा वेग 7,000 आहे, त्यात 300 इकडेतिकडे झाले तरी कळत नाही. देवयानीच्या अंतरावर प्रसरणाचा वाटा फक्त 0.25 × 215, म्हणजे 54 किलोमीटर. एवढ्याशा वाट्यावर दोन जड दीर्घिकांची एकमेकींवरची ओढ सहज मात करते. म्हणून ती जवळ येते, आणि तरीही विश्व पसरतं. सुरुवातीचं कोडं सुटलं ते इथे.

यातूनच एक नियम मिळतो: जी वस्तू गुरुत्वाने किंवा बंधांनी घट्ट बांधलेली आहे ती पसरत नाही. सूर्यमाला पसरत नाही, आकाशगंगा पसरत नाही, तुमची पट्टीही नाही. (देवयानी आणि आकाशगंगा कधीतरी धडकणारच, असं बरीच वर्षं छातीठोकपणे सांगितलं जायचं. अलीकडच्या गणितांत ती धडक तेवढी पक्की राहिलेली नाही, हे जाता जाता.)

तक्त्यातला फॉर्नॅक्सचा आकडा आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. 6.2 कोटी वर्षांपूर्वी तो प्रकाश निघाला. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनला ते मुख्यतः सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. सड्याच्या पोटातला काळा दगड आणि फॉर्नॅक्सचा प्रकाश जवळपास एका वयाचे आहेत.

आणखी बिंदू हवे असतील तर संगणकावर `ned.ipac.caltech.edu` या ठिकाणी दीर्घिकेचं नाव, उदाहरणार्थ `M87`, टाकून तिची सृती आणि अंतराच्या मोजण्या मिळतात. अंतर घेताना ते सेफिडसारख्या स्वतंत्र पद्धतीने मोजलेलं आहे ना, हे तपासा. काही ठिकाणी अंतर सृतीवरूनच काढलेलं असतं. ते वापरलं तर बिंदू रेषेवर बसणारच, आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

इलॅस्टिक: मध्य कुठे आहे?

आलेख पाहून कोणालाही वाटेल की सगळे आपल्यापासूनच पळताहेत, म्हणजे आपण मध्यावर. इलॅस्टिकवर दर 5 सेंटिमीटरवर टाचणी अडकवा. एक टोक मित्राला धरायला सांगा आणि पट्टी दुप्पट होईपर्यंत ताणा. कोणतीही टाचणी "आपण" माना. शेजारची 5 वरून 10 वर गेली, म्हणजे 5 सरकली. तिच्या पुढची 10 वरून 20 वर, म्हणजे 10 सरकली. तिसरी 15 सरकली. तेवढ्याच वेळात दुप्पट अंतरावरची दुप्पट सरकली, तिप्पट अंतरावरची तिप्पट: ही तुमच्या आलेखातलीच सरळ रेषा. आता दुसरी कोणतीही टाचणी "आपण" मानून पुन्हा मोजा. तेच उत्तर येतं. प्रत्येकीला वाटतं की बाकीच्या आपल्यापासून पळताहेत. मध्य कुठेच नाही.

टाचण्याच का, पेनाच्या खुणा का नाहीत? कारण पेनाची खूण पट्टीबरोबर रुंद होते आणि खऱ्या दीर्घिका रुंद होत नाहीत. टाचणी आहे तेवढीच राहते. पण पट्टीवर पेनाने एक नागमोडी लाट मुद्दाम काढा आणि ताणा. लाटेची लांबी वाढते. प्रवासात असलेल्या प्रकाशाचंही तसंच होतं, आणि हीच ताम्रसृती. दीर्घिका अवकाशातून धावत सुटल्या आहेत यापेक्षा मधलं अवकाश वाढतं आहे, हे चित्र जास्त बरोबर. जवळच्या दीर्घिकांसाठी वेगाचं साधं गणित चालतं, फार दूरच्यांसाठी नाही.

या पट्टीची एक खोट सांगायलाच हवी. तिला दोन टोकं आहेत आणि ती खोलीतल्या हवेत ताणली जाते. विश्वाला असं टोक सापडलेलं नाही, आणि ते कशात तरी पसरतंय असंही गणितात कुठे लागत नाही.

विश्वाचं वय, आणि हबल यांची चूक

चौकटीतला 215 काढा. एक कोटी प्रकाशवर्षं अंतर प्रकाश 3 लाखाच्या वेगाने एक कोटी वर्षांत कापतो. दीर्घिका तेच अंतर 215 च्या वेगाने कापायला 3,00,000 ÷ 215 पट, म्हणजे सुमारे 1,395 पट वेळ घेईल. म्हणजे 1,395 कोटी वर्षांपूर्वी सगळं एकत्र असायला हवं. आजचा मान्य आकडा सुमारे 1,380 कोटी वर्षं आहे. इतकं जुळणं थोडं नशिबाचंही आहे, कारण आपण वेग कायम तोच होता असं धरलं. प्रत्यक्षात प्रसरण आधी मंदावत गेलं आणि नंतर वाढू लागलं. ही वाढ 1998 साली दूरच्या महानव्या, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड उजळणारे तारे, पाहून लक्षात आली.

आता हबल यांचा 1929 चा आकडा घ्या. त्यांना कोटी प्रकाशवर्षांमागे सुमारे 1,500 मिळाला होता. 3,00,000 ÷ 1,500 = 200. विश्वाचं वय 200 कोटी वर्षं! पृथ्वीवरचे खडक किरणोत्साराने मोजले तर त्याहून जुने निघू लागले होते. घर पायाच्या दगडांपेक्षा तरुण असू शकतं, पण विश्व पृथ्वीपेक्षा तरुण असू शकत नाही. म्हणजे कुठेतरी मोजणी चुकत होती.

ती चूक वेगात नव्हती, अंतरात होती. दुसऱ्या महायुद्धात माउंट विल्सनजवळच्या लॉस एंजेलिसमध्ये दिवे विझवण्याची सक्ती होती. त्या अंधारात वॉल्टर बाडे यांना माउंट विल्सनवरून देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे करता आले. त्यातून पुढे 1952 साली त्यांनी दाखवलं की सेफिड दोन जातींचे असतात आणि सारख्याच फेऱ्याला एक जात दुसरीपेक्षा बरीच तेजस्वी असते. पट्टी एका जातीवर बसवलेली होती आणि मोजले होते दुसऱ्या जातीचे तारे. देवयानीचं अंतर एका दिवसात दुप्पट झालं. पुढे हेही लक्षात आलं की दूरच्या दीर्घिकांत ज्यांना हबल तारे समजले होते त्यातले काही चमकणारे वायूचे ढग होते. सगळी दुरुस्ती होता होता 1,500 चा आकडा 215 च्या आसपास उतरला. पण सरळ रेषा सरळच राहिली, फक्त तिचा चढ बदलला.

ताम्रसृतीचं दुसरं कारण असेल तर?

हुशार मुलगी हा प्रश्न विचारते: प्रकाश लांबच्या प्रवासात नुसताच थकत असेल, त्याची ऊर्जा कमी होऊन तो तांबडा होत असेल तर? मग प्रसरण कशाला? ही शंका शास्त्रज्ञांनीही घेतली होती आणि ती तपासायची युक्ती सुंदर आहे.

एका विशिष्ट प्रकारच्या महानव्या ठरावीक पद्धतीने उजळतात आणि काही आठवड्यांत मंदावतात. अवकाश पसरत असेल तर प्रकाशाच्या दोन लाटांमधलंच नव्हे, आज निघालेल्या आणि उद्या निघालेल्या प्रकाशामधलंही अंतर ताणलं जाईल. म्हणजे दूरची महानवा आपल्याला सावकाश मंदावताना दिसायला हवी. 0.5 ताम्रसृतीच्या महानवेला दीडपट वेळ लागायला हवा. प्रकाश नुसता थकत असता तर रंग बदलला असता, पण वेळ तेवढाच राहिला असता. 1990 च्या दशकापासून केलेल्या मोजण्यांत वेळ ताणलेलाच मिळतो, आणि ताम्रसृतीने सांगितलं तेवढाच. इथे थकलेल्या प्रकाशाचा मार्ग बंद होतो.

याशिवाय 1965 साली पेंझियास आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं मंद प्रारण सापडलं. त्याचं तापमान आज केवळ 2.7 केल्विन आहे. तरुण, तापलेल्या विश्वाचा तो ताणून थंड झालेला प्रकाश.

एक भांडण मात्र अजून चालू आहे. या जुन्या प्रारणावरून हिशेब केला तर चौकटीतला आकडा सुमारे 207 येतो. सेफिड आणि महानव्यांवरून केला तर सुमारे 224 मिळतो. दोन्हीकडची मोजणी आता इतकी काटेकोर आहे की हा फरक चुकून आला म्हणून सोडता येत नाही. तुमचा 215 बरोबर मधे पडतो, पण त्याने वाद मिटत नाही, कारण आपले आकडे ठोकळ आहेत. अरुंधती केश समूहाचं अंतर 32 ऐवजी 31 किंवा 33 कोटी धरून पुन्हा भागाकार करा. उत्तर 223 पर्यंत चढतं किंवा 209 पर्यंत उतरतं. अंतरातला तीन टक्क्यांचा फरक वादाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नेतो, म्हणूनच सेफिड तारे आजही पुन्हा पुन्हा मोजले जाताहेत.